लांब पट्टी म्हणजे कारण नव्हे: मॉडेलचा बार चार्ट कसा वाचायचा



गिऱ्हाईक टिकेल की जाईल, उद्या माल किती लागेल, उधारी वसूल होईल की बुडेल, असले अंदाज बांधणारं मॉडेल आता छोट्या धंद्यांपर्यंतही पोचलंय. कुणाचा भाचा कॉलेजात शिकलेला असतो, तो लॅपटॉपवर करून देतो. अंदाजासोबत तो एक चित्रही देतो. एकाखाली एक आडव्या पट्ट्या, डावीकडे तुमच्या एक्सेलमधल्या कॉलमची नावं, सगळ्यात लांब पट्टी वर, सगळ्यात आखूड खाली. याला फीचर इम्पॉर्टन्स चार्ट म्हणतात. आपण सरळ म्हणू, 'महत्त्वाचा चार्ट'.

माझं मत आधीच सांगतो. या चार्टवरून यादी बनवा, पैसे खर्च करायचा निर्णय घेऊ नका. 'कोण जाणार' हे ओळखायला तो उपयोगी पडतो. 'का जाणार' आणि 'काय केलं तर थांबेल' याचं उत्तर त्यात नसतं. त्यात 'महत्त्व' हा शब्द असल्यामुळे माणूस फसतो. आपण बोलताना महत्त्वाचं म्हणजे ज्याने फरक पडतो ते. मॉडेलला महत्त्वाचं म्हणजे ज्यावरून ओळखता येतं ते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कशा, ते एका उदाहरणाने बघू. उदाहरण आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण परिस्थिती आपल्याकडचीच आहे.

बोईसरचा डबा

समजा बोईसरमध्ये एक ताई डबे पुरवतात. गिऱ्हाईकं म्हणजे तारापूर एमआयडीसीत कामाला असलेली, सरावली, पास्थळ, कोळवडे या बाजूला खोली करून राहणारी मंडळी. महिन्याचे पैसे, दोन वेळचा डबा. 200 जणांची नोंद आहे. पहिल्या महिन्यात प्रत्येकाची माहिती लिहिली आणि पुढच्या दोन महिन्यांत कोण सोडून गेलं ते टिपलं. 50 गेले, 150 राहिले.

भाच्याने ही शीट घेऊन मॉडेल बनवलं आणि चार्ट काढला. पट्ट्या अशा आल्या:

| कॉलम | महत्त्व |
|---|---|
| ताईंनी फोन केला होता का | 0.31 |
| किती महिने जुनं गिऱ्हाईक | 0.22 |
| डबा पोचण्याची वेळ | 0.17 |
| खोलीचं अंतर | 0.15 |
| शाकाहारी की मांसाहारी | 0.11 |
| महिन्याचा दर | 0.04 |

भाचा म्हणाला, "मावशी, बघ, फोनची पट्टी सगळ्यात लांब आहे. एक मुलगी ठेव फोन करायला. आणि दराची पट्टी बघ, जवळजवळ नाहीच. 300 रुपये वाढवले तरी कोणी जाणार नाही."

दोन वाक्यं, दोन निर्णय. एकात दर महिन्याला पगार जाणार, दुसऱ्यात गिऱ्हाईक जाण्याची भीती. आणि दोन्हींना या चार्टचा आधार नाही.

पट्टीला दिशा नसते

पहिली गोष्ट. 0.31 हा आकडा फोनने गिऱ्हाईक थांबतं असं म्हणत नाही, आणि जातं असंही म्हणत नाही. पट्टी फक्त एवढंच सांगते की अंदाज बांधताना या कॉलमचा मॉडेलने भरपूर वापर केला. वापर कुठल्या बाजूने केला, ते चार्टवर दिसतच नाही. भाच्याने 'फोनने थांबतात' हे स्वतःच्या मनाने धरलं.

दिशा बघायची तर साधी मोजणी करा. एक्सेलमध्ये फिल्टर लावला की झालं. ताईंच्या शीटमध्ये मोजल्यावर असं निघालं: फोन केला होता अशी 60 गिऱ्हाईकं, त्यातली 24 गेली, म्हणजे 40 टक्के. फोन केला नव्हता अशी 140, त्यातली 26 गेली, म्हणजे साधारण 19 टक्के.

आता चित्र उलटं झालं. फोन केलेले दुप्पट प्रमाणात गेले! मग काय, फोन करणंच बंद करायचं? थांबा. भाच्याचा निष्कर्ष जितका घाईचा होता, तितकाच हाही आहे.

डायरीतला कॉलम शीटमध्ये नव्हता

ताईंना कोणी विचारलं, "तुम्ही फोन कुणाला करता हो?" तर उत्तर सोपं आहे. ज्याचे खाडे वाढलेत त्याला. चार दिवस डबा नको म्हणाला, मग परत दोन दिवस नको म्हणाला, की ताई फोन लावतात, "काय रे, जेवण आवडत नाही का? गावाला गेला होतास का?" खाड्यांची नोंद ताईंच्या डायरीत रोज होते. पण ती एक्सेलमध्ये कधी चढलीच नाही.

म्हणजे बघा, क्रम असा आहे. गिऱ्हाईकाचं मन उडालं किंवा काम बदललं, म्हणून खाडे वाढले. खाडे वाढले म्हणून ताईंनी फोन केला. आणि मन उडालं होतं किंवा काम बदललं होतं, म्हणूनच ते पुढे सोडून गेलं. मॉडेलला खाडे दिसले नाहीत. त्याला दिसला तो फोन. मग त्याने फोनलाच खूण धरलं. खूण म्हणून ती बरोबरच आहे. ज्याला ताईंनी फोन केला, त्याच्याबाबत काहीतरी बिनसलेलं असण्याची शक्यता जास्त. पण बिनसवलं फोनने, असा याचा अर्थ होत नाही.

आता डायरी काढून तीच 200 गिऱ्हाईकं दोन गटांत पाडू. महिन्यात 5 पेक्षा जास्त खाडे एका बाजूला, 5 किंवा कमी दुसऱ्या बाजूला.

| गट | फोन केला | फोन केला नाही |
|---|---|---|
| खाडे जास्त | 50 पैकी 23 गेले (46%) | 20 पैकी 12 गेले (60%) |
| खाडे कमी | 10 पैकी 1 गेला (10%) | 120 पैकी 14 गेले (सुमारे 12%) |

बेरीज करून बघा, आधीचेच 60 पैकी 24 आणि 140 पैकी 26 येतात. आकडे तेच आहेत. पण सारख्याला सारख्याशी ताडून पाहिल्यावर फोन केलेले दोन्ही गटांत कमी प्रमाणात गेलेले दिसतात. आधी फोनवाले जास्त गेल्यासारखे वाटले, कारण फोनवाल्यांत खाडेवाल्यांचीच गर्दी होती. 60 पैकी 50.

आणि ही नुसती डबेवाल्यांची गोष्ट नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकात न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोण दगावण्याचा धोका जास्त, याचा अंदाज बांधणारी मॉडेलं बनवली गेली. रिच कारुआना त्या कामात होते. मॉडेलच्या नियमांत निघालं की दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी! डॉक्टरांनी कारण सांगितलं. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की थेट अतिदक्षता विभागात घेत, त्याच्याकडे जास्त लक्ष दिलं जाई, म्हणून तो वाचे. मॉडेलला दमा दिसला, उपचार दिसले नाहीत. ते मॉडेल मानून 'दमा आहे ना, मग घरी पाठवा' असं केलं असतं तर माणसं गेली असती. ताईंचा फोन आणि तिथला दमा, घोळ एकच आहे: ज्यामुळे निकाल बदलला ते शीटमध्ये नाही आणि त्याच्या सोबत चालणारं शीटमध्ये आहे.

पट्टीची लांबी शेजाऱ्यांवर ठरते

आता भाच्याने 'खाडे' हा नवा कॉलम शीटमध्ये घालून मॉडेल परत चालवलं तर काय होईल? खाड्यांची पट्टी वर जाईल आणि फोनची बरीच आखूड होईल. विचार करा. फोनचा गिऱ्हाईकावर खरा जो काही परिणाम होता, तो काल जेवढा होता तेवढाच आजही आहे. तुम्ही एक्सेलमध्ये कॉलम घातला म्हणून तो बदलणार नाही. पण पट्टी बदलली. जी लांबी शेजारी कोण बसलंय त्यावर ठरते, तिला कारणाचं माप म्हणता येणार नाही.

याचीच दुसरी बाजू अंतर आणि वेळ या दोन पट्ट्यांत आहे. खोली लांब असेल तर डबा उशिरा पोचतो, म्हणजे हे दोन कॉलम बऱ्याच अंशी तीच माहिती देतात. मग मॉडेल थोडं काम याच्याकडून घेतं, थोडं त्याच्याकडून, आणि दोघांच्या पट्ट्या मधल्याच राहतात. 0.17 आणि 0.15. उशिरा पोचणाऱ्या डब्याचा त्रास एकत्र धरला तर तो मोठा असू शकतो, पण चार्टवर तो दोन घरांत वाटला गेलाय.

पट्टी निघते कशी, हेही समजून घ्या, म्हणजे भीती जाईल. एक पद्धत अशी: मॉडेल तयार झालं की एकच कॉलम घ्यायचा, समजा 'फोन', आणि त्यातले हो-नाही पत्त्यांसारखे पिसून गिऱ्हाईकांपुढे कसेही टाकायचे. बाकी सगळं तसंच ठेवायचं. मग बघायचं, अंदाज किती बिघडला. जास्त बिघडला तर पट्टी लांब. भाच्याला सांगायचं असेल तर पायथनमध्ये ते असं लिहितात:

```python
from sklearn.inspection import permutation_importance
r = permutation_importance(model, X_test, y_test,
                           n_repeats=30, random_state=0)
print(r.importances_mean)
```

यात काय झालं? कागदावरचे शेरे इकडचे तिकडे हलले. सरावलीतल्या एकाही खोलीत जास्तीचा फोन वाजला नाही, एकही फोन थांबला नाही. मग 'फोन केला तर काय होईल' हे या गणिताला कळणार कुठून?

दुसरी पद्धत मॉडेलच्या आतूनच आकडे काढते, स्क्रीनवर तिचं नाव `feature_importances_` असं दिसतं. सगळ्या पट्ट्यांची बेरीज 1 आली, आपल्या चार्टसारखी, तर बहुतेक हीच पद्धत असते. हिची खोड अशी की ज्या कॉलममध्ये खूप वेगवेगळे आकडे असतात, जसं मीटरमधलं अंतर, त्याला ती जरा झुकतं माप देते. शिवाय मॉडेल ज्या नोंदींवर शिकलं त्यांच्यावरूनच ती आकडे काढते. म्हणून बाजूला ठेवलेल्या नोंदींवर, पत्ते पिसायच्या पद्धतीने चार्ट परत काढायला सांगा. तोही कारण सांगणार नाहीच, पण निदान खूण म्हणून जास्त भरवशाचा असेल.

आणि कुठलीही पट्टी वाचण्याआधी एक प्रश्न: मॉडेलचा अंदाज मुळात बरोबर येतो का? "75 टक्के बरोबर" असं कोणी सांगितलं तर खूश होऊ नका. 200 पैकी 150 राहिलेच होते. 'कोणीच जाणार नाही' असं डोळे मिटून म्हटलं तरी 75 टक्के बरोबर येतं. अशा मॉडेलच्या पट्ट्या वाचण्यात वेळ घालवू नका.

आखूड पट्टीही फसवते

आता भाच्याचं दुसरं वाक्य. दराची पट्टी 0.04, म्हणून दर वाढवा. माझ्या मते या चार्टवरून होणारी सगळ्यात महागडी चूक हीच.

दराच्या कॉलमवर फिल्टर लावून बघा. 200 पैकी 185 जणांना एकच दर, समजा 2,600 रुपये. उरलेल्या 15 जुन्यांना 2,500. बास. सगळ्यांना जवळजवळ एकच दर असेल तर दरावरून कोण राहील आणि कोण जाईल हे ओळखता येणारच नाही. म्हणून पट्टी आखूड. मिठाचं घ्या. रोज आमटीत तेवढंच मीठ पडत असेल तर 'मिठाने चवीत काही फरक पडत नाही' असं नोंदीतून निघेल. उद्या दुप्पट टाकून बघा.

2,900 रुपये दर या मॉडेलने कधी पाहिलेलाच नाही. जे पाहिलं नाही त्याबद्दल त्याला काही म्हणता येत नाही. म्हणून कुठलीही पट्टी आखूड दिसली की आधी तो कॉलम उघडा आणि त्यात किती वेगवेगळे आकडे आहेत ते मोजा. फरकच नसेल तर 'परिणाम नाही' असं म्हणू नका, 'माहिती नाही' असं म्हणा.

मग करायचं काय? नाणं उडवायचं

कोणी म्हणेल, खाड्यांप्रमाणे गट पाडले, 60 टक्क्यांच्या जागी 46 टक्के आले, म्हणजे फोनने फायदा होतो हे सिद्ध झालं की! नाही झालं. खाडे जास्त असलेल्या 70 जणांत ताईंनी 50 जणांना फोन केला, 20 जणांना नाही केला. ते 20 कोण? कदाचित ज्यांचा नंबर बंद लागत होता ते. कदाचित ज्यांचं कंत्राट संपल्याचं ताईंना आधीच कळलं होतं ते, मग फोन कशाला करायचा! आपल्या भागात कंत्राट संपलं, शिफ्ट बदलली किंवा कंपनीच बदलली की माणूस खोली सोडतो आणि डबाही सुटतो. त्यात ना जेवणाचा दोष ना फोनचा. हा कॉलम ना शीटमध्ये आहे ना डायरीत.

म्हणून खरं उत्तर हवं असेल तर फोन कुणाला जाणार हे ताईंनी ठरवायचं नाही. ते नाण्यावर सोडायचं.

पुढच्या वेळी 5 पेक्षा जास्त खाडे असलेल्यांची यादी काढा. समजा 70 नावं आली. प्रत्येक नावापुढे नाणं उडवा, छापा आला तर फोन, काटा आला तर फोन नाही. निकाल लगेच वहीत लिहा आणि मग बदलू नका. 'हा ओळखीचा आहे, याला करतेच' असं एकदा झालं की पुन्हा जुनाच घोळ सुरू. छापा आलेल्यातल्या कोणी फोन उचलला नाही तरी त्याला फोनच्याच गटात मोजा. कारण न उचलणारे बहुतेक जाणारेच असतात. त्यांना दुसऱ्या गटात ढकललं तर फोन उगाच चांगला दिसेल.

नाण्याने काय साधतं? कंत्राट संपलेले, मन उडालेले, घरची आठवण येणारे, सगळे दोन्ही गटांत साधारण सारखे विभागले जातात. जे तुम्हाला माहीतच नाही तेही विभागलं जातं. मग दोन गटांत फरक उरला तर तो फोनचा मानायला जागा आहे.

मात्र एका फेरीवर उडी मारू नका. 35 जणांच्या गटांत एकीकडे 21 गेले आणि दुसरीकडे 16, तर 5 जणांचा फरक नुसत्या नशिबानेही पडतो. अशाच चार फेऱ्या झाल्या आणि बेरीज 140 पैकी 84 विरुद्ध 140 पैकी 64 आली, तर 20 जणांचा फरक नशिबाने येणं अवघड आहे. तेव्हा फोनवाल्या मुलीच्या पगाराचा हिशेब करा. 20 गिऱ्हाईकं थांबली, त्यांच्यामागे महिन्याला किती सुटतात, आणि पगार किती जातो.

दराची परीक्षा थोडी वेगळी करावी लागेल. एकाच खोलीतल्या दोघांना वेगळे दर लावले तर संध्याकाळपर्यंत भांडण दारात. म्हणून तिथे नाणं माणसाप्रमाणे न उडवता चाळीप्रमाणे किंवा बिल्डिंगप्रमाणे उडवा, आणि सुरुवात नव्या गिऱ्हाईकांपासून करा. वाढही 100 रुपयांची ठेवा, एकदम 300 ची नको.

कोणी म्हणेल, एवढं सगळं करायचं तर चार्ट कशाला हवा? हवा आहे. मॉडेल दर महिन्याला सांगेल की या 200 पैकी हे 70 डळमळीत आहेत. तेवढं सांगायला त्याला कारण कळायची गरज नाही, खूण पुरते. नाणं उडवायला ती 70 जणांची यादीच लागते. चार्टवरून हेही कळतं की डायरीतला कुठला कॉलम शीटमध्ये चढवायला हवा. फोनची पट्टी एवढी लांब का, हा प्रश्न पडला म्हणूनच तर खाड्यांपर्यंत पोचलो.

तेव्हा या आठवड्यात तुमच्याकडे असा चार्ट असेल तर एकच करा. सगळ्यात लांब पट्टीवर बोट ठेवा आणि विचारा, 'हे मी कुणाच्या बाबतीत करतो, आणि का करतो?' उत्तरात 'ज्याचं आधीच बिनसलंय त्याच्या' असं आलं, तर त्या पट्टीवर एक रुपयाही खर्च करण्याआधी खिशातलं नाणं बाहेर काढा.